जर-तरचा आलेख

हवामानबदलावरच्या सादरीकरणात एक स्लाइड ठरलेली असते. डावीकडून एक काळी रेघ येते. ती आजवर मोजलेलं तापमान दाखवते. आजचं साल संपलं की तिला फाटे फुटतात: निळा, पिवळा, लाल. प्रत्येक फाट्याभोवती त्याच रंगाचा फिकट पट्टा असतो. वक्ता लाल रेघेच्या टोकावर लेझरचा ठिपका नेतो, सभागृह क्षणभर गंभीर होतं आणि स्लाइड बदलते. पुढे प्रश्नोत्तरांत ‘मुंबई बुडणार का?’ पासून ‘तुमचे अंदाज कधी खरे ठरलेत?’ पर्यंत सगळं विचारलं जातं, पण त्या स्लाइडबद्दल सहसा कोणी काही विचारत नाही. या प्रकरणात आपण तिलाच प्रश्न विचारणार आहोत. त्यासाठी आजची स्लाइड बाजूला ठेवून आधी एक जुना आलेख घेऊ, कारण त्यातलं ‘भविष्य’ आता घडून गेलं आहे आणि उत्तरं ताडून पाहता येतात.

२३ जून १९८८ रोजी, वॉशिंग्टन उकाड्याने हैराण असताना, जेम्स हॅन्सन अमेरिकी सेनेटच्या ऊर्जा व नैसर्गिक संसाधन समितीसमोर साक्ष द्यायला बसले. न्यूयॉर्कमधल्या ‘नासा’च्या गॉडार्ड इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते. त्यांच्या गटाने संगणकावर पृथ्वीच्या वातावरणाचं मॉडेल चालवलं होतं, आणि त्याचा निष्कर्ष एका आलेखात होता. आलेखावर तीन रेघा होत्या. त्यांना ए, बी आणि सी अशी साधी नावं दिलेली होती.

या तीन रेघा तीन वेगवेगळ्या मॉडेलांच्या नव्हत्या. मॉडेल एकच होतं, भौतिकीचे नियमही तेच होते. वेगळं होतं ते त्याला भरवलेलं खाद्य, म्हणजे हवेत पुढे किती वायू सोडले जातील याचं गृहीतक. ‘ए’मध्ये उत्सर्जन दरसाल सुमारे दीड टक्क्याने चक्रवाढीने वाढत राहतं असं धरलं होतं. ‘बी’मध्ये वाढीचा वेग हळूहळू मंदावतो, आणि वातावरणावर दरवर्षी पडणारा वाढीव भार साधारण सारखाच राहतो. ‘सी’मध्ये १९९० ते २००० या काळात इतकी कडक कपात होते की २००० नंतर भार वाढायचाच थांबतो. ज्वालामुखींबाबतही फरक होता. ‘ए’मध्ये एकही मोठा उद्रेक नव्हता, तर ‘बी’ आणि ‘सी’मध्ये १९९५ साली मेक्सिकोच्या एल चिचोनएवढा एक काल्पनिक उद्रेक घातला होता, कारण मोठ्या उद्रेकातून वर गेलेले गंधकाचे कण पृथ्वीला दोनेक वर्षं थंड करतात. १९९५ सालीच उद्रेक होईल असं कोणी म्हणत नव्हतं. असा उद्रेक केव्हा तरी होतोच, म्हणून तो कुठेतरी धरला, एवढंच. चक्रवाढीची ‘ए’ रेघ पुढे कधीतरी वास्तवाच्या वर जाणारच, आणि तिन्हींत ‘बी’ बहुधा सर्वांत संभवनीय, हे हॅन्सन यांनी त्याच वेळी शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं.

विम्याच्या माहितीपत्रकात ‘४ टक्के परतावा धरल्यास’ आणि ‘८ टक्के परतावा धरल्यास’ असे दोन रकाने असतात. त्यातला जोर ‘धरल्यास’ या शब्दावर असतो. हवामानाच्या सिनारिओचा सगळा जीवही त्याच शब्दात आहे. मॉडेल फक्त ‘तर’ सांगतं. ‘जर’ त्याला बाहेरून द्यावा लागतो, आणि तो देणारे असतात अर्थशास्त्र, लोकसंख्या, ऊर्जाधोरण आणि तंत्रज्ञान यांचे आडाखे बांधणारे लोक.

आता दहा वर्षं पुढे येऊ. जुलै १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या लघुउद्योग समितीसमोर व्हर्जिनियाचे हवामानतज्ज्ञ पॅट्रिक मायकल्स यांनी हाच आलेख मांडला. फक्त त्यावर आता एकच रेघ उरली होती, ‘ए’ची. ‘बी’ आणि ‘सी’ गाळल्या होत्या. मॉडेलने १९८८ ते १९९७ मध्ये ०.४५ अंश सेल्सिअस वाढ वर्तवली होती, प्रत्यक्षात ०.११ अंशच झाली, म्हणजे भाकीत चौपटीने चुकलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा मुद्दा पुढे वर्षानुवर्षं फिरत राहिला. समितीच्या सभासदांना त्या दिवशी नेमके प्रश्न सुचले असते, तर तो तिथल्या तिथे निकालात निघाला असता.

पहिला प्रश्न उघड आहे: मूळ आलेखात किती रेघा होत्या, आणि प्रत्यक्ष उत्सर्जन त्यांपैकी कोणत्या वाटेने गेलं? ते ‘ए’च्या वाटेने गेलं नव्हतं. न घडलेल्या ‘जर’ला जोडलेला ‘तर’ खोटा पडला, असं म्हणण्याला अर्थच नाही. तो तपासलाच गेलेला नाही.

दुसरा प्रश्न कमी उघड आहे, पण माझ्या मते जास्त उपयोगी: ही तुलना किती वर्षांची? दहा वर्षांत हरितगृह वायूंमुळे होणारी वाढ फार तर दोन दशांश अंश असते. एल निन्यो आला-गेला, पॅसिफिकचं पाणी तापलं-निवलं, की जगाचं सरासरी तापमान एका वर्षातही एक-दोन दशांश अंशाने वरखाली होतं. शोधायची गोष्ट आणि गोंगाट जवळपास एकाच मापाचे आहेत, त्यामुळे सुरुवातीचं आणि शेवटचं साल बदललं की उत्तरही बदलतं. मायकल्स यांचा हिशोब १९९७ला थांबतो. त्यांची साक्ष चालू होती ते १९९८ साल तोवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण ठरलं. त्यात जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबोचा मोठा उद्रेक झाला होता, आणि उद्रेकच नसलेल्या ‘ए’च्या जगाशी उद्रेक झालेल्या जगाची तुलना चालली होती.

पिनाटुबोपाशी थोडं थांबायला हवं. उद्रेकानंतर हॅन्सन यांच्या गटाने तेच मॉडेल पुन्हा चालवलं आणि जानेवारी १९९२ मध्ये छापून टाकलं की १९९२च्या अखेरीपर्यंत जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल आणि नंतर पूर्वपदावर येईल. तसंच झालं. ही मात्र भविष्यवाणी होती, आणि ती चुकली असती तर मॉडेलला दोष देणं रास्त ठरलं असतं. १९८८चा आलेख आणि १९९२चा हा अंदाज यांत माणसं आणि मॉडेल तीच आहेत. बदलली ती ‘जर’ची अवस्था. १९९२ मध्ये ‘जर’ घडून गेला होता. गंधकाचा ढग वर पोहोचला होता, उपग्रहांनी तो मोजला होता, आणि माणसांनी पुढे काय ठरवावं यावर काहीच अवलंबून नव्हतं. १९८८ मध्ये ‘जर’ अजून सरकारांच्या, कारखान्यांच्या आणि ग्राहकांच्या हातात होता.

मग ‘बी’चं काय झालं? तिला सवलत द्यायचं कारण नाही. ‘बी’ने दर दशकाला साधारण ०.२८ अंश वाढ दाखवली होती. १९८८ ते २०१७ या तीस वर्षांत प्रत्यक्ष वेग दशकाला ०.१९ अंशाच्या आसपास राहिला. म्हणजे तीस वर्षांत ०.८४ विरुद्ध ०.५७. ‘बी’ जवळपास दीडपट उष्ण निघाली. एवढ्यावरून कोणी ‘मॉडेल दीडपटीने चुकलं’ म्हणेल, तर त्याला विचारायचं: चूक ‘जर’मध्ये होती की ‘तर’मध्ये?

हे वेगळं करता येतं. प्रत्येक वायूने पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वॅट जादा ऊर्जा अडकवली, याचा हिशोब मांडता येतो. यालाच मी वर ‘भार’ म्हटलं. ‘बी’मध्ये धरलेला भार आणि प्रत्यक्ष पडलेला भार शेजारी ठेवले की दिसतं, कार्बन डायऑक्साइडचा आडाखा बऱ्यापैकी जमला होता. फसला तो मिथेन आणि सीएफसी वायूंचा. फ्रीज आणि स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी ओझोनचा थर खातात म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९८९ मध्ये तो लागू झाला आणि त्या वायूंची वाढ अपेक्षेपेक्षा फार लवकर थांबली. ओझोनसाठी केलेल्या कराराने तापमानवाढीलाही लगाम घातला. मिथेनचं प्रमाण तर १९९९च्या सुमारास वाढायचं थांबलं आणि सात-आठ वर्षं तिथेच राहिलं. २००७ पासून ते पुन्हा चढू लागलं. यातलं काहीही वातावरणाच्या भौतिकीत लिहिलेलं नव्हतं. करार करणं हा माणसांचा निर्णय होता, आणि तो कुठल्याही समीकरणातून निघत नाही.

म्हणून मॉडेल तपासायचं असेल, तर तापमान सालाच्या समोर मांडण्यापेक्षा भाराच्या समोर मांडावं. म्हणजे इतका भार वाढला, त्या मानाने तापमान किती वाढलं, असं पाहावं. झीक हाउसफादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केलं. १९७० ते २००७ या काळातली सतरा जुनी मॉडेल-प्रक्षेपणं त्यांनी घेतली. नुसतं तापमान पाहिलं तर दहा प्रक्षेपणं प्रत्यक्षाशी जुळली. ‘जर’मधली चूक वजा केल्यावर चौदा जुळली. हॅन्सन यांचं त्यांत आहे. तरी त्यांचं मॉडेल थोडं तापटच होतं. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी अखेरीस ४.२ अंशांनी तापेल, असं ते मानत होतं, आणि आज सर्वोत्तम अंदाज ३ अंशांचा आहे. म्हणजे चूक दोन्हीकडे होती, पण मोठा वाटा ‘जर’चा.

उलटीही शक्यता असते, आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. जास्त तापट मॉडेलला कमी उत्सर्जन भरवलं तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि रेघ वास्तवावर नेमकी बसते. ‘आमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला’ असं सांगणाऱ्या वक्त्यालाही म्हणूनच हाच प्रश्न विचारायचा: बरोबर आलात, पण योग्य कारणाने का?

आता फिकट पट्ट्यांकडे वळू. १९८८च्या आलेखात पट्टेच नव्हते. एकेका वाटेवर मॉडेल एकदाच चालवलेलं होतं, कारण तेवढंच परवडत होतं. पृथ्वीचे तुकडे केले होते ८ अंश अक्षांश आणि १० अंश रेखांशांचे. आपल्या अक्षांशावर असा एक तुकडा दक्षिणोत्तर सुमारे नऊशे किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम हजार किलोमीटर होतो. अख्खा महाराष्ट्र त्यात मावतो. कोकण आणि मराठवाडा यांत त्या मॉडेलच्या लेखी फरक नव्हता, आणि सह्याद्री तर नव्हताच. आजची मॉडेलं कितीतरी बारीक आहेत, जगभरातल्या डझनावारी संस्था ती चालवतात, आणि निकालांच्या फैलावातून पट्टा तयार होतो. पण पट्टा दिसला की आपण समजतो, सगळी अनिश्चितता यात आली. तसं नसतं.

आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालातलं एक उदाहरण घेऊ. सर्वांत जास्त उत्सर्जनाच्या वाटेवर, एसएसपी५-८.५ वर, २०८१ ते २१०० या काळात जग १८५०-१९०० च्या तुलनेत ४.४ अंशांनी तापेल, आणि पट्टा ३.३ ते ५.७ असा आहे. उत्तर या पट्ट्यात असण्याची शक्यता ९० टक्के. ९० टक्के कशाचे? जग या वाटेने जाण्याचे नव्हेत. जग या वाटेने गेलंच तर उत्तर पट्ट्यात सापडण्याचे. ते कोणत्या वाटेने जाईल याची टक्केवारी अहवालाने मुद्दाम दिलेली नाही, एकाही वाटेला नाही. मधल्या एसएसपी२-४.५ या वाटेवर वाढ २.७ अंश, पट्टा २.१ ते ३.५. लाल पट्ट्याच्या खालच्या कडेपासून मधल्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतची जागा दोघांत सामाईक आहे. वाट आणि पृथ्वीची प्रतिक्रिया या दोन वेगळ्या अनिश्चितता आहेत, आणि पट्टा फक्त दुसरीबद्दल बोलतो.

कोणती अनिश्चितता किती मोठी, हे सालावर ठरतं. २०२१ ते २०४० या वीस वर्षांसाठी सर्वांत स्वच्छ वाटेवर वाढ १.५ अंश आहे, सर्वांत घाणेरड्या वाटेवर १.६. फरक जवळजवळ नाहीच, कारण या काळापुरतं बरंचसं आधीच होऊन गेलं आहे. उरलेली अनिश्चितता निसर्गाच्या चढउतारांची आणि मॉडेलांमधल्या फरकांची. शतकाच्या शेवटी त्याच दोन वाटांवर १.४ आणि ४.४ अंश आहेत. म्हणून ‘अनिश्चितता किती?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या सालासाठी?’ हे विचारायला हवं. पुढच्या दहा वर्षांत कोणती धरणं कमी भरतील, ही चिंता असलेल्या माणसाला सिनारिओंच्या रंगांशी फारसं कर्तव्य नसतं. शंभर वर्षं टिकायचा सागरी बंधारा बांधणाऱ्याला मात्र असतं.

पट्टा आला कुठून, हेही विचारावं. आयपीसीसीच्या त्या अहवालाच्या वेळी एक अवघड प्रसंग उद्भवला. नव्या मॉडेलांपैकी काही फारच तापट निघाली. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पाच अंशांहून अधिक वाढ ती दाखवत होती. कारण मुख्यत्वे ढग: पृथ्वी तापल्यावर खालचे पांढरे ढग किती विरतील, यावर मॉडेलांचं एकमत नाही. सगळ्या मॉडेलांची सरळ सरासरी काढली असती तर लाल रेघ आणखी वर गेली असती. आयपीसीसीने तसं केलं नाही. मोजलेलं तापमान आणि दूरच्या भूतकाळातले पुरावे यांच्याशी ताडून तिने पट्टा आवळला. तरीही कच्ची सरासरी वापरणाऱ्या स्लाइड अजून फिरतात. सांगणाऱ्याने फसवायचं ठरवलेलं असतं असं नाही. उतरवून घ्यायला ती सोपी असते, एवढंच.

या सगळ्याचा पुण्याशी थेट संबंध आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या हवामानबदल संशोधन केंद्राने तयार केलेला भारतासाठीचा मूल्यांकन अहवाल जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्यावरच्या बातम्यांचा सूर एकच होता: शतकाअखेर भारत ४.४ अंशांनी तापणार. अहवालातल्या वाक्यात आणखी दोन गोष्टी आहेत. ही वाढ १९७६-२००५ च्या सरासरीच्या तुलनेत आहे, आणि ती आरसीपी ८.५ या वाटेवरची आहे. मथळ्यात जागा नव्हती म्हणून त्या गळाल्या, आणि ‘जर’ गेला की ‘तर’चं भाकीत झालं.

पुढच्या वर्षी आयपीसीसीच्या अहवालातही ४.४ हाच आकडा आला. दोन्ही आकडे एकच असल्यासारखे शेजारीशेजारी छापलेले मी पाहिले आहेत. पण एक भारताचा, दुसरा जगाचा. एक १९७६-२००५ पासून मोजलेला, दुसरा १८५०-१९०० पासून. मधल्या शंभरेक वर्षांत जग थोडं तापलं होतंच, त्यामुळे एका आकड्याची पट्टी दुसऱ्याला लावता येत नाही. ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न इतका साधा आहे की तो विचारायची लाज वाटते, आणि नेमका म्हणूनच तो राहून जातो.

पुण्याच्या त्याच अहवालात आणखी एक ‘जर’ दडलेला आहे. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. ती वाढ मुख्यतः हरितगृह वायूंमुळे झाली, पण हवेतल्या प्रदूषणाच्या कणांनी आणि जमिनीच्या बदललेल्या वापराने तिच्यातला काही भाग झाकला, असं अहवाल सांगतो. उद्या दिल्ली-कानपूरची हवा स्वच्छ झाली तर झाकण निघेल. स्वच्छ हवा हवीच, पण ती किती वेगाने येते हाही सिनारिओचा भाग आहे, आणि तो कोणत्या रेघेत कसा धरलाय, हे वक्त्याला माहीत असायला हवं.

राहता राहिली ती लाल रेघ. ८.५ म्हणजे २१०० साली प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेआठ वॅटचा जादा भार. तिथे पोहोचायला कोळशाचा वापर शतकभर वाढतच राहावा लागतो, आजच्या कित्येक पट व्हावा लागतो. ही रेघ काढली होती ती शक्यतांची वरची कड दाखवायला. पुढे कित्येक लेखांत आणि सादरीकरणांत ती ‘असंच चालू राहिलं तर’ या नावाने वावरू लागली. २०२० च्या जानेवारीत हाउसफादर आणि ग्लेन पीटर्स यांनी ‘नेचर’मध्ये हे दिशाभूल करणारं आहे असं स्पष्ट लिहिलं. माझंही मत तेच आहे, पण एक पुस्ती जोडून. ती रेघ निरुपयोगी नाही. अणुभट्टी, मोठं धरण किंवा बंदर आखणाऱ्याने सर्वांत वाईट शक्यता तपासलीच पाहिजे, आणि वितळत्या गोठभूमीसारखे स्रोत आपण धरलं त्याहून जास्त वायू सोडू शकतात. शिवाय ३ अंशांच्या आसपासची मधली वाट काही सुखाची नाही. फक्त कडेची रेघ मधली म्हणून विकू नये.

तेव्हा पुढच्या वेळी लेझरचा ठिपका लाल टोकावर थांबला आणि प्रश्नाला एकच मिनिट मिळालं, तर एवढंच विचारा: ‘ही रेघ खरी ठरण्यासाठी माणसांनी काय काय करायला हवं, आणि त्यातलं आत्ता काय चाललंय?’ उत्तरात कोळसा, मिथेन, धोरणं आणि सालं आली तर वक्त्याला विषय कळला आहे. नुसतं ‘मॉडेल असं सांगतं’ एवढंच आलं, तर पुढच्या स्लाइडा जरा हात राखून पाहा.